पत्रिकेत विनोद कुठे बसवायचा?

पुतणीचं लग्न ठरलं. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली, सकाळी रजिस्ट्रारकडे सह्या आणि दुपारी ऐंशी माणसांचं जेवण. "काका, पत्रिका तुम्हीच लिहा. साधी हवी, थोडी गमतीशीर हवी, पण आजीला ती पत्रिका वाटली पाहिजे," अशी ऑर्डर आली.

पहिला मसुदा मी अर्ध्या तासात हाणला आणि स्वतःवरच खूश झालो. १९५४च्या त्या कायद्यात लग्नाची नोटीस द्यावी लागते आणि हरकतीसाठी तीस दिवस थांबावं लागतं. म्हणून मी लिहिलं, "सरकारने तीस दिवस वाट पाहिली, कोणाचीच हरकत आली नाही. आता आपलीही नसावी." पुतणी खो खो हसली. संध्याकाळी मात्र तिचा फोन आला, "काका, ती ओळ काढा. त्याच्या मामांची खरंच हरकत होती. आत्ता कुठे बोलायला लागलेत." काढली. पत्रिकेतला विनोद हा असा असतो. आपण चार जणांत करतो आणि तो चाळीस घरांत वाचला जातो, त्यातल्या एखाद्या घरात नेमकं दुखणं असतं.

मग मी कपाटातल्या जुन्या पत्रिका काढून बसलो. एकीत चक्क "शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे" असं छापलंय. आजोबांच्या पिढीला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आम्ही मात्र शाळेत असताना ती पत्रिका लपवून वाचायचो. पण चाळता चाळता एक गोष्ट लक्षात आली. आपल्या पत्रिकेत गमतीची जागा आधीपासून राखीव आहे. अगदी तळाशी, चिमुकल्यांच्या नावाने येणारी ओळ: "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!" वर गणपती, कुलस्वामिनी, "आमचे येथे श्रीकृपेकरून", सगळं गंभीर, आणि खाली ते लाडिक "हं". म्हणजे मधल्या वाक्याशी खेळायची गरजच नाही. "दोन वेडे एकत्र येत आहेत" छापाच्या पत्रिका म्हणूनच फसतात. वाचणाऱ्याला लग्न कोणाचं, कधी, कुठे हे तिसऱ्यांदा वाचल्यावर कळतं.

आमच्या घरात आता चिमुकलं कोणीच नाही. मग ती जागा आईला दिली. शेवटी ठरलेला मजकूर असा (नावं आणि पत्ता गाळतोय):

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
आमचे येथे श्रीकृपेकरून आमची कन्या चि. … आणि … यांचे सुपुत्र चि. … यांचा विवाह शुक्रवारी सकाळी नोंदणी पद्धतीने, मोजक्या घरच्यांच्या उपस्थितीत होत आहे. त्यानंतर दुपारी १२॥ वाजता स्नेहभोजनास आपण उभयतांनी येऊन वधूवरांस आशीर्वाद द्यावेत, ही विनंती.
आहेर आणू नये.
"माझ्या नातीच्या लग्नाला यायचं हं! मी नऊवारी काढून ठेवलीय." – आजी (वय ८२)

यातल्या एकाच शब्दावर सगळ्यात जास्त वेळ गेला. आधी सवयीने "सहकुटुंब सहपरिवार" लिहिलं होतं. दादा म्हणाला, "अरे, चाळीस पत्रिका आहेत. घरटी चार जण धरले तर एकशे साठ होतात, हॉलमध्ये पानं ऐंशी." "फक्त दोघांनी यावे" लिहिलं तर लोक दुखावणार. "उभयतां" हा जुना शब्द तिथे धावून आला. मोजून दोन आणि तरी आदराने. सासरी-माहेरी सगळ्यांना त्याचा अर्थ न सांगता कळला, अपवाद एका मावसभावाचा. तो तसाही सहा जण घेऊन येणारच.

"चि. सौ. कां." पुतणीने कापलं. "त्याला नुसतं चि. आणि माझ्यामागे एवढी रांग का?" मला उत्तर सुचलं नाही. मुहूर्ताची ओळही गेली, कारण रजिस्ट्रारकडे कधी नंबर लागेल ते तिथे गेल्यावरच कळतं. म्हणूनच सकाळची नेमकी वेळ छापली नाही, जेवणाची छापली.

दुसरी कोटी घालायचा मोह मला फार झाला. "आहेर आणू नये, आजी परत करील" असंही लिहून पाहिलं. मोठ्याने वाचलं तेव्हा नऊवारीची ओळ फिकी पडली. खोडलं.

प्रूफ आलं त्या दिवशी छापखान्यातून फोन. "साहेब, आजींच्या नावामागे गं. भा. लावायचं राहिलंय का? आम्ही टाकून देतो." आई शेजारीच शेंगा सोलत होती. मी फोनवर हात ठेवून तिला विचारलं. वरही न बघता म्हणाली, "नुसतं आजी. आणि ८२ नको, ८१ लिही. अजून दोन महिने आहेत."