शिवराक दिवसाचा डबा

"पणजीच्या ऑफिसात पाच मिनिटं बोलायचंय, डब्यातल्या प्रोटीनवर. सगळे म्हणतात, आम्ही मासे खातो, मग काय कमी? काय सांगू?"

शिवराक दिवसाबद्दलच बोला. खरी तूट सोमवारी-गुरुवारी दिसते. बांगड्याच्या दिवशी फारशी चिंता नाही, एका मध्यम बांगड्यातून साधारण १५ ग्रॅम मिळतात. (नुसतं हुमण आणि शीत घेतलं, तर मात्र नाही. रस्सा म्हणजे मासे नव्हेत!)

भारतीय शिफारस वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० आणि दुपारच्या वाट्याला साधारण १७. आता शिवराक डबा बघा: दोन वाट्या भात, बटाट्याची भाजी, सोलकढी. जेमतेम १०, आणि तेही बहुतेक भातातलेच. भात एक वाटी करून वाटीभर घट्ट अळसांद्यांचं तोणाक घातलं, तर त्यातून १० च्या आसपास येतात. वर वाटीभर दही, म्हणजे आणखी ५. झालं काम.

अडतं ते भिजवण्यापाशी. रविवारी रात्री अळसांदे भिजत घाला, सोमवारी सकाळी शिजवून तेव्हाच्यापुरते घ्या आणि उरलेले डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. गुरुवारी फोडणी आणि वाटण तेवढं उरतं. नारळ मात्र बेताने, त्यात प्रोटीन नगण्य.

किडनीचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण वाढवावं, हे सेशनमध्ये आवर्जून सांगा.