वाफ आली म्हणजे वरण तापलं, असं नाही

«ताई, मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटं फिरवलं की वरणातून मस्त वाफा निघतात. मग हे मधे ढवळा, खदखदून उकळा, हा खटाटोप कशाला? उगाच घाबरवता लोकांना.»

दादा, वाफेवर माझाही असाच भरवसा होता. मग एकदा फ्रीजमधलं तुरीचं घट्ट वरण, तीन वाट्या, काचेच्या भांड्यात तीन मिनिटं फिरवलं आणि स्वयंपाकाचा थर्मामीटर खुपसून पाहिला. कडेला ८६ अंश, मधोमध ४४. वाफा कडेच्याच होत्या! ढवळल्यावर सगळं मिळून ६३ झालं. शिळं अन्न आतपर्यंत निदान ७४ अंशांना जायला हवं, म्हणून आणखी दीड मिनिट फिरवलं, दोन मिनिटं झाकून ठेवलं, तेव्हा कुठे मधलं वरणही पार ८० च्या वर गेलं.

मायक्रोवेव्हच्या लहरी वरणात दोन-तीन सेंटीमीटरच धड शिरतात. त्यापुढची उष्णता हळूहळू सरकत जाते. पातळ रस्सा तापला की आपोआप खालीवर फिरतो, पण रात्रभरात थिजलेलं वरण जागचं हलत नाही. ते तुम्हालाच हलवावं लागतं.

गॅसवाल्यांनीही फार खूश होऊ नये. गंजात घट्ट वरण ठेवलं की बुडाशी वाफ कोंडते, दोन ठिकाणी भसाभस बुडबुडे फुटतात, ओट्यावर शिंतोडे उडतात आणि आपण गॅस बंद करतो. बाजूचं वरण कोमटच, बूड मात्र लागलेलं. आधी अर्धी वाटी पाणी घालून डावाने गोळा मोडायचा, मंद आचेवर तळापासून ढवळायचं आणि सगळीकडून उकळी फुटली की ती मिनिटभर तशीच राहू द्यायची. हिरवा सांबार चिरून वरून टाकायचा असेल तर त्यानंतर.

सावजी रश्श्यात उलटं होतं. वर तर्रीचा जाड थर असला की खाली रस्सा कढत असूनही वाफ दिसतच नाही. तिथेही डाव फिरवल्याशिवाय कळत नाही.

आता घाबरवण्याचं. डाळ-रश्श्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू पहिल्या शिजवण्यात मरत नाहीत. मोठा गंज सावकाश निवत असताना ते जागे होऊन वाढतात. असे वाढलेले जिवाणू दुसऱ्या दिवशीच्या उकळीत मरतात, म्हणून तो खटाटोप. पण काही जिवाणू अन्नात विष सोडतात आणि त्यातली काही विषं उकळूनही जात नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. तेव्हा रात्रभर ओट्यावर राहिलेलं वरण मी गॅसवरही ठेवत नाही, मायक्रोवेव्हमध्येही नाही. उन्हाळ्यात जेवणं झाली की तासाभरात ते उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये जातं, आणि सकाळी लागेल तेवढाच डबा बाहेर निघतो.

तुमचा मायक्रोवेव्ह चालू द्या, दादा. फक्त दीड मिनिटाने एकदा दार उघडा आणि चमचा मधोमध घाला.