तात्यांचे चार आणे

काल रात्री साडेनऊला मी माझ्याच विरुद्धचा तक्रार अर्ज टाईप करून दिला. अर्जदार शेजारच्या खुर्चीवर मांडी घालून मजकूर सांगत होते, माझ्याच डब्यातला चिवडा खात होते, आणि ‘सदर इसमाने’ हे शब्द आले की चिवड्याचंच बोट माझ्याकडे करत होते. अर्जदार म्हणजे बी विंगचे तात्या. गुन्हा असा, की मी त्यांचा आवाज दाबला.

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीची कमिटी चौघांची. अध्यक्ष, सचिव मॅडम, खजिनदार आणि तात्या. अध्यक्ष मुलीकडे पुण्याला गेलेले, म्हणून मीटिंग ऑनलाइन झाली. विषय एकच, लिफ्टच्या देखभालीचं कंत्राट. साधारण तासाभराचं रेकॉर्डिंग. त्यात साडेएकविसाव्या मिनिटाला खजिनदारांनी तीन कोटेशनांचे आकडे वाचायला घेतले आणि त्याच क्षणी तात्यांच्या घरी काकूंनी शेंगदाण्याच्या चटणीला मिक्सर लावला. पंचाण्णव सेकंद. तिन्ही कोटेशनं कुटासकट वाटली गेली.

सुदैवाने त्या सॉफ्टवेअरने व्हिडिओसोबत प्रत्येकाच्या माइकची वेगळी फाइलही ठेवली होती. म्हणजे व्हिडिओतला एकत्र आवाज टाकून द्यायचा, चारही आवाज वेगवेगळे घ्यायचे, मिक्सर चालू असताना तात्या तेवढे बंद करायचे आणि सगळं पुन्हा व्हिडिओवर चढवायचं. सचिव मॅडम म्हणाल्या, “पाच मिनिटांचं काम आहे, तू कॉम्प्युटरमधलाच ना?” मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरची बिलं भरतो. हा कॉम्प्युटरमधला असेल तर बँकेबाहेरचा वॉचमन फायनान्समधला. पण सोसायटीत ज्याने एकदा कुणाचा प्रिंटर चालू करून दिला, त्याची त्या जन्मातून सुटका नाही.

काम मी `ffmpeg` या आवाज-व्हिडिओ जोडणाऱ्या-कापणाऱ्या प्रोग्रामने करायला घेतलं. फुकट आहे, खिडक्या-बटणं काही नाही, काळ्या पडद्यावर ओळ लिहायची. पहिल्या रात्री मी भाबडेपणाने व्हिडिओ आणि चारही आवाज एकामागोमाग एक दिले आणि शेवटी नव्या फाइलचं नाव लिहिलं. लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा पाऊण तास फिरला आणि निघालेल्या फाइलमध्ये मिक्सर जसाच्या तसा. कारण तुम्ही आवाजाच्या कितीही फाइली द्या, काही सांगितलं नाही तर तो त्यातला एकच आवाज निवडतो. ज्यात चॅनेल जास्त तो; सगळे सारखे असतील तर यादीत जो पहिला तो. पहिला होता व्हिडिओचा स्वतःचा. आणि पंखा फिरला तो व्हिडिओ उगीचच नव्याने बनवण्यात. तिथे `-c:v copy` लिहिलं असतं तर चित्र आहे तसं उचललं गेलं असतं आणि काम मिनिटभरात आटपलं असतं. आवाज मात्र एकत्र करायचे म्हटल्यावर नव्याने बनवावेच लागतात, तिथे कॉपी चालत नाही.

दुसऱ्या रात्री `amix` सापडला. आवाजांची मिसळ करणारा. ती मिसळ ऐकली तर अध्यक्ष “नमस्कार, सगळे आले का?” म्हणतायत आणि वरून तात्या ओरडतायत, “मला हे अजिबात मान्य नाही!” विषय निघायच्या आत विरोध. झालं होतं असं, की तात्या मीटिंगला उशिरा आले होते आणि त्यांची फाइल ते आल्या क्षणापासून सुरू होत होती. मिसळणाऱ्याला काय माहीत कोण कधी आलं, त्याने चौघांनाही शून्यापासून पंगतीला बसवलं.

तात्यांना हे ऐकवलं तर त्यांना त्यात काही चूक दिसेना. “राहू दे की. मी विरोधच करणार होतो.”

उशीर किती, हे त्यांच्याकडून कळणं शक्य नव्हतं, कारण “मी वेळेवरच होतो” ही त्यांची भूमिका आहे आणि ती ते सोडत नाहीत. शेवटी काकूंचा कुकर उपयोगी पडला. तात्यांच्या फाइलमध्ये पहिली शिट्टी ४ मिनिटं २० सेकंदांवर, व्हिडिओतल्या एकत्र आवाजात तीच शिट्टी १० मिनिटं ३२ सेकंदांवर. फरक ६ मिनिटं १२ सेकंद. एका शिट्टीवर विश्वास ठेवू नये म्हणून मिक्सर सुरू होण्याची वेळही ताडून पाहिली: इकडे १५:१८, तिकडे २१:३०. पुन्हा तोच फरक. मग अगदी शेवटी तात्या “बरं, ठेवतो” म्हणतात तिथेही पाहिलं. शेवटाला फरक वेगळा निघाला असता तर प्रश्न नुसत्या उशिराचा नसता, आवाज हळूहळू सरकत गेला असता आणि ते दुखणं निराळं. तसं नव्हतं. ६ मिनिटं १२ सेकंद म्हणजे ३७२ सेकंद. आवाज मागे ढकलणाऱ्या `adelay` ला मिलिसेकंद लागतात, म्हणून ३,७२,०००. तेवढी शांतता तात्यांच्या आधी भरली. तात्यांच्या आधी शांतता असतेच, पण ती आता फाइलमध्येही आली.

तिसऱ्या रात्री सगळं जागेवर बसलं होतं. मी खुशीत तात्यांना बोलावलं. ही माझी चूक, बाकीच्या सॉफ्टवेअरच्या.

तात्या नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. हिशेबाला चोख. त्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटले, आणि दोन मिनिटांनी उघडले.

“माझा आवाज कमी आहे.”

“सगळ्यांचाच थोडा कमी आलाय तात्या. व्हॉल्यूम वाढवा.”

“सगळ्यांचं मला सांगू नकोस. माझा किती आहे?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण तीन रात्री जागलेल्या माणसाला कुणीतरी काही विचारावं एवढीच अपेक्षा असते. मी उत्साहाने सांगून बसलो, की `amix` ला चार आवाज दिले की तो प्रत्येकाला आपणहून चारने भागतो, एकत्र होऊन आवाज फाटू नये म्हणून. म्हणजे प्रत्येकाचा एक चतुर्थांश.

“म्हणजे रुपयातले चार आणे.”

“हो, पण सगळ्यांचेच.”

“माझे बारा आणे कुठे गेले?”

मी हसलो. ते हसत नव्हते. त्यांनी रेकॉर्डिंग पुढे नेलं. खजिनदार मीटिंग मध्येच सोडून गेले होते, त्यांची फाइल तिथे संपत होती. तात्यांनी तो भाग तीन वेळा ऐकला आणि टेबलावर थाप मारली.

“बघ! खजिनदार गेला आणि माझा आवाज वाढला!”

आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही, की ते खरं होतं. एखादी फाइल संपली की `amix` उरलेल्यांची वाटणी नव्याने करतो. चौघांतला एक गेला की प्रत्येकाला पावाऐवजी एक तृतीयांश, आणि तेही एकदम नाही, दोनेक सेकंदांत हळूच चढवत. मी हे समजावलं. समजावताना माझ्याच लक्षात आलं, की मी तात्यांच्या बाजूने साक्ष देतोय.

“म्हणजे तो असेपर्यंत मला दाबलं होतं.”

“तात्या, ते गणित आहे.”

“मी पण तेच म्हणतोय.”

ही वाटणी बंद करता येते. `normalize=0` लिहिलं की भागाकार होत नाही, ज्याचा त्याला पूर्ण रुपया. पण मग चौघं एकदम ओरडले की बेरीज मर्यादेच्या वर जाते आणि आवाज फाटतो. नाशिककराला हे वेगळं सांगायला नको: गोदेच्या पुरात दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी आहे तोवर आपण पुलावर उभे राहून फोटो काढतो, डोक्यावरून गेलं की पळतो. आमच्या कमिटीत पाणी डोक्यावरून जायला तात्या आणि सचिव मॅडम दोघंच पुरतात. म्हणून शेवटी `alimiter` बसवला, तो शेंड्यापाशी आवाज आवरतो. पूर्ण ओळ अशी झाली:

```
ffmpeg -i sabha.mp4 -i adhyaksha.m4a -i sachiv.m4a \
-i khajindar.m4a -i tatya.m4a -filter_complex \
"[4:a]adelay=372000:all=1,volume=0:enable='between(t,1290,1385)'[t];\
[1:a][2:a][3:a][t]amix=inputs=4:normalize=0,alimiter[a]" \
-map 0:v -map "[a]" -c:v copy -c:a aac sabha_final.mp4
```

१२९० ते १३८५ म्हणजे मिक्सरचे ते पंचाण्णव सेकंद, व्हिडिओच्या घड्याळाने. तेवढा वेळ तात्यांचा आवाज शून्य. आता खरी कबुली देतो, अर्जात ती नाही. आधीच्या एका प्रयत्नात मी हा `volume` चुकून `adelay` च्या आधी लिहिला होता. तिथे घड्याळ तात्यांच्या फाइलचं चालतं, त्यामुळे मिक्सर वाचला आणि व्हिडिओतल्या २७ मिनिटं ४२ सेकंदांपासून तात्याच गप्प झाले. नेमके तिथे ते मीटिंगमधलं एकमेव शहाणपणाचं वाक्य बोलत होते, की जुन्या कंत्राटदाराची अनामत आधी परत घ्या. ती फाइल मी कुणाला दिसायच्या आत उडवली.

दुरुस्त फाइल मॅडमना पेनड्राइव्हवर दिली. पेनड्राइव्ह माझा होता, तो अजून आलेला नाही. “बघते हं वेळ मिळाला की,” म्हणाल्या. कंत्राट मागच्याच आठवड्यात देऊन झालंय असं लिफ्टवाल्याकडून कळलं. चार रात्री. ऑफिसात दोनदा डुलकी लागली, साहेबांनी पाहिलं, ते वेगळं. आपल्याकडे संडास तुंबला तर प्लंबरला दोनशे रुपये देतात आणि वर चहा विचारतात. आवाज तुंबला तर “तुला काय, बटणच दाबायचं.”

आणि तात्यांना ऐकून पाहायचंच नाहीये. त्यांना तिसऱ्या रात्रीचा आवाज लक्षात आहे. काल ते अर्ज घेऊन आले, कारण त्यांच्या मोबाइलवर ‘ळ’ सापडत नाही आणि तक्रारीत ‘गळचेपी’ हा शब्द त्यांना हवाच होता. मी टाईप केला. ‘सदर इसमाने दि. अमुक रोजी सभासदाचा आवाज चार आण्यांवर आणला व हे तोंडी कबूलही केले.’ पुरावा म्हणून वरची कमांड जोडायला लावली. मीच जोडली. स्वल्पविराम मीच तपासले.

प्रिंट हातात घेऊन तात्यांनी ती लांब धरली, जवळ धरली, चष्मा कपाळावर केला.

“अक्षर पण बारीक केलंस?”

मी फॉन्ट अठराचा केला. अर्ज दोन पानांवर गेला.