चष्म्याचा नंबर नाही म्हणजे बीपीने डोळे बिघडलेले नाहीत?

‘मला सहा बाय सहा दिसतं, म्हणजे बीपीचा डोळ्यांवर परिणाम झालेला नाही.’

असा निष्कर्ष काढू नका. अक्षरांचा तक्ता डोळ्यातल्या पडद्याच्या मधल्या भागाची, मॅक्युलाची नजर मोजतो. बीपीच्या खुणा बहुधा त्याच्या बाजूला असतात आणि त्या बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा पाहिल्यावरच कळतात.

पडद्यावरच्या या खुणांचे चार ग्रेड मानतात. पहिल्या ग्रेडमध्ये बारीक धमन्या अरुंद होतात, दुसऱ्यात त्या शिरांना ओलांडताना दाबतात. या दोन ग्रेडमधला फरक डॉक्टरांनाही नेहमी सारखा दिसत नाही, त्यामुळे ‘एक की दोन’ यावर फार अडकू नये.

खरी पायरी तिसरी. समजा, पन्नाशीतल्या बाईंचं बीपी १७०/१०४ आहे, नजर उत्तम, पण पडद्यावर रक्ताचे ठिपके आणि कापसासारखे पांढरे डाग आहेत. पांढऱ्या डागांच्या जागी रक्तपुरवठा तुटल्याने मज्जातंतू सुजलेत. अशांना पक्षाघाताचा धोका जास्त असतो, म्हणून फिजिशियनकडे लवकर जावं. साखर आणि मूत्रपिंडंही तपासावीत, कारण मधुमेहातही असेच डाग पडतात. डाग काही आठवड्यांत विरले तरी गोळ्या थांबवू नयेत.

चौथ्या ग्रेडमध्ये डोळ्याच्या नसेचं टोक सुजतं. तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.