‘नाही’ म्हणू नको, ‘सध्या’ म्हण

भावा, रंकाळ्याच्या कठड्यावर भेळ खाता खाता ती म्हणाली, “मला तू आवडतोस.” आठ दिवस मनात घोकून आलेली असणार. तुझ्या मनात तसलं काही नाही, पण तिचा मान राखायचाय. मग ऐक.

‘नाही’ हा शब्द तोंडातून काढायचाच नाही. ‘सध्या’ वापरायचा. “सध्या एमपीएससीचं चाललंय गं.” कारण दिलं की माणूस ते कारण संपायची वाट बघत बसतो, हीच त्यातली गंमत. पूर्वपरीक्षा झाली, की ती मुख्य परीक्षेची वाट बघंल. मग मुलाखत. मग निकाल. तू नापास झालास तर आणखी चांगलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मधल्या काळात तिनं नोट्सच्या झेरॉक्स काढून आणल्या तर घे, नको म्हटलं तर वाईट वाटंल तिला. रात्री अकराला “जेवलीस काय?” एवढं विचारायचं. मैत्री टिकवायची ना? आणि एक दिवस तिनं विचारलं, “घरी स्थळ आलंय, काय करू?” तर म्हणायचं, “तुझं तू बघ, पण घाई करू नको.” मन मोठं पाहिजे माणसाचं.

फारच अंगाशी आलं तर “तुला बहिणीसारखी मानतो” आहेच. तिनं भाऊ मागितला नव्हता, हा मुद्दा गौण.

आता गुपित. ते फक्त एकाला सांग, मिरजकर तिकटीला चहा पिताना. तिच्या मेसेजचा स्क्रीनशॉटही दाखव, नाहीतर त्याला खरं कसं वाटणार? रात्रीपर्यंत तालमीच्या ग्रुपवर सगळ्यांना तिची काळजी लागलेली असंल. दुसऱ्या दिवशी ती चौकातनं गेली की पोरं मुद्दाम तुझ्या नावानं हाक मारतील. तू मात्र म्हण, “गप्प बसा रे, चांगली पोरगी आहे.” झाला मान राखून.

माझ्या एका दोस्ताला हे काहीच जमलं नाही. तो तिथल्या तिथं म्हणाला, “तू सरळ बोललीस, बरं वाटलं. पण माझ्या मनात तसं नाही, आणि पुढं होईल असंही नाही.” कारण नाही, तारीख नाही. ती थोडा वेळ पाण्याकडं बघत बसली, मग “बरं झालं सांगितलंस” म्हणून स्वतःची गाडी काढून गेली. ह्यानं “पोचलीस काय?” म्हणूनसुद्धा मेसेज केला नाही, आणि कुणापाशी चकार शब्द काढला नाही. मला कळलं तेसुद्धा तीन वर्षांनी, तिच्याच तोंडून, ह्याच्या गावच्या म्हाईला. ती नवऱ्याला घेऊन आली होती. पांढरा रस्सा दोनदा मागून घेतला आणि ह्यालाच ओरडली, “मीठ कमी पडलंय रे!”

तिकटीवर तीन वर्षं चघळायला विषय नाही. असला दोस्त काय कामाचा?