झोळी, नवी गादी आणि पहाटेचे तीन

«ताई, लेख वाचून राग आला. डॉक्टर बजावून सांगतात की तान्ह्याला आईच्या अंथरुणात घेऊ नका, आणि तुम्ही ‘घेतलंच तर काय काळजी घ्यायची’ ते शिकवता. म्हणजे परवानगीच झाली की! एक पाळणा नाही का बांधता येत?»

दादा, डॉक्टर बरोबरच सांगतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ साली दिलेला सल्लाही तोच आहे: निदान सहा महिने बाळ आईच्याच खोलीत, पण वेगळ्या, सपाट, कडक अंथरुणावर, उताणं. त्याच सल्ल्यात असंही आहे की पाजताना डोळा लागण्याची भीती असेल तर सोफा किंवा आरामखुर्चीपेक्षा पलंग कमी धोक्याचा. हे मात्र घरोघरी पोचत नाही. मी नर्स म्हणून बाळंतिणींच्या घरी जायचे तेव्हा माझी गाठ याच वाक्याशी पडायची.

सोलापूरच्या पूर्व भागातलं एक घर सांगते. दोन खोल्या, नवरा यंत्रमागावर रात्रपाळीला. सिझेरियन झालेलं, बाळ पूर्ण दिवसांचं, वजन दोन किलो आठशे. दवाखान्यात ‘बाळाला शेजारी घेऊ नका’ ऐकून बाई एवढी घाबरली होती की रात्री प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पाजायची. टाक्यांमुळे खाली बसायचं-उठायचं जीवावर यायचं, म्हणूनही खुर्ची. आठव्या रात्रीचं तिनेच सांगितलं, पहाटे तीनला दचकून जागी झाले तर बाळ मांडीवरून घसरून कुशीच्या घडीत, हनुवटी छातीला टेकलेली. तान्ह्याची मान अशी वाकली की श्वासाची वाट अरुंद होते, आणि मान वर उचलायची ताकद त्याला नसते. नियम पाळायच्या धडपडीतच तिने सगळ्यात वाईट जागा निवडली होती.

पाळणाही होता, साडीची झोळी. सासूबाईंना ती फार पसंत. पण झोळीचा तळ गोल, बाळ त्यात धनुष्यासारखं वाकतं आणि हनुवटी पुन्हा छातीलाच. जाग्या बाळाला समोर बसून झुलवायला ठीक; रात्रभर झोपवायला नाही. ‘वेगळं’ झोपवलं म्हणजे सुरक्षित झालं असं नसतं, दादा.

मग ठरवलं काय? नवरा विडी ओढायचा. ‘मी बाहेर जाऊन ओढतो’ म्हणाला, पण आई किंवा बाप ओढणारा असेल तर एकाच अंथरुणातला धोका वाढतोच, बाहेर ओढली म्हणून तो टळत नाही. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं किंवा ३७ आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ असेल, किंवा आईने झोप आणणारं औषध घेतलं असेल, किंवा घरात कुणी दारू पिऊन झोपत असेल, तरी उत्तर ‘नाही’च. म्हणून बाळाची दुहेरी घातलेली सतरंजी आईच्या गादीला लागून, हाताच्या अंतरावर. पाजायला कुशीवर आडवं व्हायचं, जाग आली की बाळ सतरंजीवर उताणं.

आणि जाग आलीच नाही तर? त्यासाठी तिची गादीही तयार केली. बाळंतिणीसाठी कौतुकाने कापूस पिंजून नवी गादी भरली होती. मी त्या गादीवर लिंबू ठेवलं आणि बाईला शेजारी आडवं व्हायला सांगितलं. लिंबू गडगडत तिच्या पोटाला लागलं. बाळही तसंच घरंगळतं, तोंड खाली जातं. कपाटावरची जुनी, दबून फळीसारखी झालेली गादी काढली. त्यावर लिंबू हललं नाही. गादी भिंतीपासून हातभर पुढे ओढली, कारण भिंत आणि गादीमधल्या फटीत बाळ अडकतं. फटीत उशा कोंबणं हा उपाय नव्हे.

आपली सोलापुरी चादर ओली झाली की केवढी जड होते ते धुणाऱ्या बाईला विचारा. कोरडीही तान्ह्याला स्वतःहून बाजूला सारता येत नाही. ती आईच्या कमरेपर्यंतच, बाळावर नाही. बाळाचं डोकं आईच्या उशीच्या नव्हे, छातीच्या पातळीला. आईचा हात त्याच्या डोक्यावरच्या बाजूला, गुडघे त्याच्या पायांखाली दुमडलेले. केस बांधलेले, बाळाच्या गळ्यातला काळा दोरा काढलेला (यावर मोठं भांडण झालं, शेवटी दोरा पाळण्याच्या कडीला गेला). मोठी तीन वर्षांची मुलगी आजीच्या पलीकडे. आणि वैशाखात कानटोपी नाही: मानेला मागून हात लावून घाम जाणवला तर कपडे काढायचे. हातपाय गार लागणं तान्ह्यात नेहमीचंच असतं.

पहिले चार महिने सगळ्यात जपायचे. मी बेचाळिसाव्या दिवशी गेले तेव्हा खुर्चीवर वाळलेले कपडे होते. बाई म्हणाली, रात्री दोनदा तरी माझा डोळा लागतोच. सासूबाई जुन्या गादीवरून अजून कुरकुरत होत्या, पाहुणे काय म्हणतील म्हणून.