महिनाभर ट्रेड नाही केला म्हणून मी भित्रा?

डोकं फिरलंय माझं. मे २०२५ च्या मध्यापासून २५ जूनपर्यंत मी निफ्टी फ्युचरमध्ये हात घातला नाही, म्हणून घरात, कट्ट्यावर, ब्रोकरच्या ऑफिसात सगळ्यांनी मला धारेवर धरलं. मेहुणा तर भर जेवणावळीत सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, घाबरलात वाटतं? वय झालं आता, एफडी करा." आणि लोक हसले! वीस वर्षांहून जास्त काळ मी या धंद्यात आहे, त्यावर घर चालवलंय, आणि ज्याला तोटा तोडणारा स्टॉपलॉस कुठे लावायचा हे ठाऊक नाही तो मला घाबरलात म्हणतो.

त्या महिन्यात झालं काय, ते आधी बघा की! १२ मेला निफ्टी एका दिवसात ९०० हून जास्त अंकांनी उसळला आणि २४,९२५ च्या आसपास बंद झाला. तिथून पुढे सव्वा महिना बाजार कुठेच गेला नाही. १५ मेला २५,०६० वर बंद, सगळे म्हणाले ब्रेकआउट. २० मेला २४,६८० वर. २२ तारखेला २४,६१० वर बंद, सगळे म्हणाले आता पडणार. दुसऱ्याच दिवशी २४,८५०. ११ जूनला परत २५,१४०, आणि १२ जूनला २४,८९०. तेराला इस्रायलने इराणवर हल्ला केला, तर सकाळी २४,५०० च्याही खाली उघडून दिवसअखेर २४,७०० च्या वर. म्हणजे रात्री झोपताना जी पोझिशन बरोबर, ती सकाळी सव्वानऊला चूक.

आता माझ्यासारखा ट्रेंड धरून काम करणारा माणूस यात काय करणार? त्या ९०० अंकांच्या उडीनंतर खरा आधार खाली ५०० अंकांवर राहिला. स्टॉपलॉस तिथे लावला तर तेव्हाच्या ७५ च्या एका लॉटवर साडेसदतीस हजारांची जोखीम, तीही अशा बाजारात जिथे वरती मिळण्यासारखे जेमतेम दीड-दोनशे अंक होते. जवळ, म्हणजे २०० अंकांवर लावला, तर बाजार दिवसभरात नुसता श्वास घेताना तेवढा हलत होता. लांबचा परवडत नाही, जवळचा टिकत नाही. असं दिसलं की मी ट्रेड घेत नाही. यात भीतीचा संबंध येतो कुठे?

तरी हिशोब मांडूनच दाखवतो. १५ मेला घेतलं, २२ ला विकलं, ११ जूनला परत घेतलं. प्रत्येक वेळी बंद भावाला आणि प्रत्येक वेळी २०० अंकांचा स्टॉपलॉस. तिन्ही उडाले असते. एका लॉटवर १५ हजार गुणिले तीन, म्हणजे ४५ हजार. वर प्रत्येक फेरीला एसटीटी हा सरकारी कर, ब्रोकरेज, स्टॅम्प ड्युटी मिळून पाचशेच्या वर खर्च. एकट्या एसटीटीचेच पावणेचारशे, कारण ऑक्टोबर २०२४ पासून तो विक्रीवर ०.०२ टक्के झाला होता. ज्यांनी हे तिन्ही ट्रेड घेतले ते धाडसी, आणि ज्याने ४५ हजार वाचवले तो म्हातारा!

ब्रोकरच्या ऑफिसातल्या त्या पोराचा फोन तर डोक्यात जातो. "सर, अकाउंट शांत दिसतंय, काही अडचण?" अरे बाबा, माझ्या प्रत्येक ऑर्डरमागे तुमचे पैसे ठरलेले आहेत, मी कमावलं काय नि घालवलं काय. तुम्हाला अडचण माझी नाही, तुमच्या टार्गेटची आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल काढला. आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायद्यात उतरलेल्या शंभरातल्या ९३ सामान्य लोकांचं नुकसान झालं होतं. त्यातल्या किती जणांना असा फोन आला असेल?

आणि मी त्या महिन्यात झोपलो नव्हतो! रोज संध्याकाळी चार्ट उघडत होतो. वीस दिवसांची सरासरी आडवी पडली होती, भाव तिला कधी वरून कधी खालून कापत होता. एडीएक्स खाली घसरत होता, म्हणजे चालीत जोरच नव्हता. मला एवढंच हवं होतं की बाजाराने त्या पट्ट्याबाहेर बंद द्यावा. २५ जूनला तो २५,२०० च्या वर बंद झाला. मी दुसऱ्या दिवशी सकाळी घेतलं, स्टॉपलॉस पट्ट्याच्या आत, आणि त्याच दिवशी निफ्टी साडेपंचवीस हजारांवर गेला.

हे कळल्यावर मेहुणा काय म्हणाला माहितीय? "दाजी, नशीब जोरात आहे तुमचं. पुढच्या वेळी घ्याल तेव्हा एक मेसेज टाका ना."

नाही टाकणार. महिनाभर थांबायला सांगितलं असतं तेव्हा थांबला असतास का तू?